नजर पडते, त्यानंतर

पतसंस्थेच्या काउंटरवर बसलेल्या ताईंना माणूस रांगेत तिसरा असतानाच कळतं, की हा पैसे मोजताना चुकणार. तो आधी त्यांच्याकडे बघतो, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे, मग परत त्यांच्याकडे. खिडकीशी आला की स्लिप पुढे सरकवतो, नोटा मोजायला लागतो आणि पंधरा-सोळापर्यंत जाऊन अडखळतो. बोटं नोटांवर असतात, डोळे ताईंच्या ओठांवर. ताई रोजच्या आवाजात विचारतात, "दादा, पाचशेच्या किती आणि शंभराच्या किती?" माणूस भानावर येतो, खाली बघतो आणि पहिल्यापासून मोजायला लागतो.

"मी त्याच्यावर चिडत नाही आणि खाली मान घालूनही बसत नाही," ताई म्हणतात. "त्याला कामाला लावते."

ताईंच्या चेहऱ्यावर कोड आहे. एकोणीस वर्षांच्या असताना ओठाच्या कडेला तांदळाएवढा ठिपका आला. दोन-तीन वर्षांत दोन्ही डोळ्यांभोवती, तोंडाभोवती आणि हनुवटीवर पांढरे डाग पसरले आणि तिथे थांबले. बाकीचा चेहरा सावळा असल्यामुळे डाग लांबूनही दिसतात. आता त्या चाळिशीत आहेत. सातारा जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत रोखपाल म्हणून त्यांचा दिवस लोकांच्या समोर बसूनच जातो. नाव आणि गाव छापायचं नाही, एवढीच त्यांची अट होती. मुलीचं दहावीचं वर्ष आहे आणि शाळेत कुणी तिला आईबद्दल विचारत बसू नये, असं त्यांना वाटतं.

कोडाच्या औषधोपचारांवर मराठीत बरंच लिहिलं गेलं आहे. मला ताईंकडून दुसरीच गोष्ट समजून घ्यायची होती. अनोळखी माणसाची नजर चेहऱ्यावर पडते त्या क्षणी काय घडतं, आणि पुढच्या दोन-चार सेकंदांत काय करता येतं?

नजर का अडकते

दोन माणसं बोलतात तेव्हा एकमेकांचे डोळे आणि तोंड बघत असतात. समोरचा हसतोय की चिडलाय, खरं बोलतोय की टाळतोय, हे सगळं आपण तिथूनच वाचतो. कोड पुष्कळदा नेमकं याच जागी येतं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती हल्ला करते, त्या पेशी नाहीशा होतात आणि तेवढी जागा पांढरी पडते. डोळ्यांभोवतीचा आणि ओठांभोवतीचा भाग कोडाच्या नेहमीच्या जागांपैकी आहे. त्यामुळे ताईंशी बोलणाऱ्याची नजर डागावर जाणं टळतच नाही. शिष्टाचार म्हणून जिथे बघायचं, तिथेच डाग आहे.

नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं की नजर आपोआप तिकडे ओढली जाते. हे इतक्या झटक्यात होतं, की त्यात चांगला माणूस आणि वाईट माणूस असा भेद नसतो. मात्र नजर तिथे रेंगाळली तर त्याची किंमत मोजावी लागते. अमेरिकेत मदेरा आणि हेबल या दोन संशोधकांनी हे नोकरीच्या मुलाखतींच्या संदर्भात तपासलं आणि २०१२ साली प्रसिद्ध केलं. उमेदवाराच्या गालावर जन्मखूण किंवा व्रण असेल तर मुलाखत घेणाऱ्यांची नजर तिकडे जास्त जात होती. नंतर विचारल्यावर उमेदवाराने सांगितलेल्या गोष्टी त्यांना कमी आठवत होत्या, आणि त्यांनी त्याला गुणही कमी दिले. त्यांच्या मनात आकस असो वा नसो, लक्ष डागाने खाल्लं होतं आणि नुकसान उमेदवाराचं झालं. काउंटरवरच्या माणसाचा हिशेब चुकतो तोही याच कारणाने.

ताईंनी इतक्या वर्षांत नजरांची वर्गवारी केली आहे. पहिली नुसती पडणारी. ती पडते आणि हटते. दुसरी चोरटी. बघायचं, आपण पाहिलं तर मान फिरवायची, आपण वळलो की पुन्हा बघायचं. तिसरी हळहळणारी. ही सहसा वयस्कर बायकांची असते आणि तिच्यामागून सल्ला येतो. चौथी हिणवणारी. एसटीत शेजारून उठून जाणं, सुटे पैसे हातात न देता वर टाकणं, मोबाईल उंच धरून फोटो काढणं ही तिची रूपं.

"आधी मला सगळ्या एकसारख्याच वाटायच्या," त्या म्हणाल्या. "पहिल्या नजरेलाही मी चौथीचं उत्तर द्यायचे. कुणी नुसतं बघितलं तरी फटकन बोलायचे. तो बिचारा गोंधळायचा आणि माझा दिवस खराब व्हायचा."

खरी नजर आणि वाट बघितलेली नजर

इथे १९८० साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगायला हवा. क्लेक आणि स्ट्रेन्टा या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी काही स्त्रियांच्या चेहऱ्यावर मेकअपने व्रण काढला आणि तो त्यांना आरशात दाखवला. मग व्रण नीट टिकावा म्हणून वरून थोडं क्रीम लावतो, असं सांगून तो त्यांच्या नकळत पुसून टाकला. या स्त्रिया अनोळखी माणसाशी बोलून आल्या. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, तरी समोरचा अवघडलेला होता, त्याचं वागणं व्रणामुळे बदललं होतं, असं त्यांनी सांगितलं. एकदा आपल्याकडे बघितलं जाणार असं मनाने धरलं की समोरच्याची साधी हालचालही त्यात बसते. तो खिडकीकडे बघतो ते आपल्याला टाळायला, आणि आपल्याकडे बघतो ते डाग बघायला.

या प्रयोगाचा आधार घेऊन "सगळं तुमच्या मनात आहे" असं कोडाच्या माणसाला ऐकवणं मात्र साफ चूक आहे. दोनच वर्षांनी, १९८२ साली, ब्रिटनमध्ये रम्सी आणि बुल यांनी सहकाऱ्यांसह दुसरी बाजू मोजली. एकच व्यक्ती वर्दळीच्या रस्त्यावर कधी साध्या चेहऱ्याने, कधी चेहऱ्याच्या एका बाजूला जन्मखूण रंगवून, कधी जखमांच्या खुणा काढून उभी राहिली. खूण असताना लोक तिच्यापासून जास्त अंतर ठेवून उभे राहिले आणि चेहऱ्याची खूण नसलेली बाजू त्यांनी पसंत केली. हे अंतर खरं होतं, मोजता येत होतं.

ताईंना दोन्ही प्रयोग सांगितले तेव्हा त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी क्रीमची गोष्ट सांगितली. डाग झाकणारी जाड रंगीत क्रीमं मिळतात. त्वचेच्या रंगाशी जुळणारी छटा निवडून ते थापून लावायचं, वरून पावडर बसवायची. लग्न ठरण्याच्या काळात आणि नंतरही काही वर्षं ताई ते रोज लावत. "क्रीम लावल्यावर लोक बघायचे नाहीत, हे खरं. पण मीच दिवसभर रुमाल घेऊन बसलेली. घाम आला का, ओठाजवळचं निघालं का, चहाच्या कपाला लागलं का. कुणी सहज बघितलं तरी वाटायचं, याला कळलं." नजरा कमी झाल्या आणि धास्ती वाढली. आता त्या फक्त उन्हापासून बचाव करणारं क्रीम लावतात, कारण डागाच्या जागी रंग नसल्याने तिथली कातडी उन्हात लवकर भाजते. क्रीम लावणं हा कमीपणा आहे, असं त्यांचं म्हणणं नाही. एखाद्या समारंभापुरतं लावलं आणि मोकळेपणी वावरता आलं तर ते चांगलंच. मात्र क्रीमशिवाय दारात आलेल्या कुरिअरवाल्यासमोरही जाता येईना, अशी वेळ आली तर क्रीमने चेहऱ्याबरोबर माणसालाही झाकलं आहे, असं समजावं.

तीन, दोन, एक

जेम्स पार्ट्रिज हे नाव या विषयात महत्त्वाचं आहे. १९७० साली अठराव्या वर्षी गाडीला लागलेल्या आगीत त्यांचा चेहरा गंभीर भाजला. पुढे १९९२ साली त्यांनी ब्रिटनमध्ये चेंजिंग फेसेस ही संस्था सुरू केली आणि २०२० साली निधन होईपर्यंत याच कामात राहिले. शस्त्रक्रिया चेहऱ्यावर होते, पण त्या चेहऱ्याने लोकांत वावरायचं कसं हे कुणी शिकवत नाही, या अनुभवातून त्यांचं काम उभं राहिलं. या संस्थेने सांगितलेली एक साधी रीत आहे. कुणी टक लावून बघितलं तर करायच्या तीन गोष्टी, कुणी विचारलं तर बोलायची दोन वाक्यं आणि मनात धरायचा एक विचार. हे घरून ठरवून निघायचं. प्रसंग समोर आल्यावर डोकं चालत नाही, म्हणून ही तयारी.

मी ही रीत सांगितली तेव्हा ताई हसल्या. "हे मी करतेच की. फक्त आकडे घातले नव्हते." मग आम्ही त्यांचे तीन, दोन, एक कागदावर उतरवले.

करायची पहिली गोष्ट म्हणजे नजरेला नजर देऊन किंचित हसायचं आणि मान हलवायची. ओळखीच्या माणसाला बघून हलवतो तशीच. नुसत्या बघणाऱ्या बहुतेकांची नजर इथेच सुटते, कारण आता समोर डाग उरत नाही, माणूस येतो. दुसरी म्हणजे समोरच्याला काहीतरी काम द्यायचं किंवा प्रश्न विचारायचा, नोटांच्या हिशेबासारखा. तिसरी म्हणजे आपल्याला नको असेल तर वळून बसायचं, पुस्तक काढायचं, जागा बदलायची. ही तिसरी गोष्ट हार मानल्यासारखी वाटते म्हणून लोक ती करत नाहीत. पण दिवसभराच्या कामानंतर रिकाम्या खिडकीशी जाऊन बसण्याचा हक्क कोणत्याही प्रवाशाला असतो.

बोलायच्या दोन वाक्यांवर ताईंनी खूप काम केलं आहे. पहिलं असं: "कोड आहे हे. दुखत नाही, कुणाला लागतही नाही. तुम्ही कराडला उतरणार का?" वाक्य साधं दिसतं, पण त्याचे तीन भाग आहेत आणि प्रत्येकाचं काम वेगळं आहे. आधी जे आहे ते नाव घेऊन सांगायचं, म्हणजे कुजबुजीला जागा राहत नाही. मग धीर द्यायचा. हळहळणाऱ्याला "दुखत नाही" पुरतं आणि घाबरलेल्याला "लागत नाही". आणि शेवटी बोलणं दुसरीकडे वळवायचं. हा तिसरा भाग ताईंना सर्वांत उशिरा सापडला. आधी त्या पहिल्या दोन भागांवर थांबायच्या आणि समोरून लगेच यायचं, "कधीपासून? औषध नाही का घेतलं? लग्न झालंय का?" उत्तर दिल्यावर पडलेली शांतता म्हणजे पुढच्या प्रश्नाला आमंत्रण, हे त्यांच्या लक्षात आलं. आता कराडचा प्रश्न त्या त्याच श्वासात विचारतात.

दुसरं वाक्य दार लावणारं: "त्याबद्दल मला आत्ता बोलायचं नाही." एवढंच. त्यापुढे "माफ करा" नाही आणि कारणही नाही. कारण दिलं की त्यावर वाद सुरू होतो.

आणि मनात धरायचा विचार: "याने अजून मला पाहिलेलं नाही, डाग पाहिलाय."

ही रीत फसते कुठे, तेही ताईंनी मोकळेपणाने सांगितलं. वाक्य बरोबर असतं, पण मान खाली आणि आवाज घशात असेल तर समोरच्याला फक्त लाज ऐकू येते. म्हणून त्यांनी ते आरशासमोर, मग मुलीसमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. कधी उलटं होतं, वाक्याचं व्याख्यान होतं. एकदा एसटीत त्या प्रतिकारशक्तीपासून समजावायला लागल्या. बाई ऐकत राहिली आणि शेवटी म्हणाली, "अगं बाई, फारच वाईट गं." दोन वाक्यांत मावत नसेल तर ते उत्तर रस्त्यासाठी नाही. आणि तिसरी अडचण थकव्याची. दिवसातून किती जणांना समजावणार? म्हणून ताईंनी ठरवलं आहे, की उत्तर द्यायचं ते आपल्याला पुन्हा भेटणाऱ्यांना आणि लहान मुलांना. बाकीच्यांसाठी मान हलवणं पुरे.

याच रम्सी आणि बुल यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८६ साली आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की समोरच्यावर पडणाऱ्या प्रभावात चेहऱ्यावरच्या खुणेपेक्षा बोलण्या-वागण्यातल्या मोकळेपणाचा वाटा मोठा होता. ताईंचा अनुभव याला जुळतो. पण मोकळं वागायला आधी लोकांत जावं लागतं. लग्नाची आमंत्रणं टाळली जायला लागली, फोटोत मागे उभं राहायची सवय झाली, गर्दी नको म्हणून शेवटची गाडी पकडली जायला लागली, तर वाक्यं पाठ करून भागत नाही. अशा वेळी समुपदेशकाकडे जावं. टाळण्याची सवय पायरी-पायरीने मोडायच्या पद्धती मानसोपचारात आहेत. आपल्यासारख्याच माणसांत बसणं हाही मोठा आधार असतो. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली श्वेता असोसिएशन ही संस्था कोड असलेल्यांना एकत्र आणण्याचं काम करते. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००६ सालचा 'नितळ' हा चित्रपट याच कामाशी जोडलेला आहे.

मुलं, सल्ले आणि हळदीकुंकू

लहान मुलांची नजर ताईंना सर्वांत सोपी वाटते. "काकू, तुमच्या तोंडाला पीठ लागलंय?" असं एका मुलाने बसस्टँडवर विचारलं. त्याच्या आईने त्याला चिमटा काढून गप्प केलं. ताई खाली वाकून म्हणाल्या, "पीठ नाही रे, रंग गेलाय तिथला. हात लावून बघायचाय?" त्याने बोट लावलं, काही झालं नाही याची खात्री करून घेतली आणि आपल्या गाडीशी खेळायला लागला. चिमट्यातून मुलगा एवढंच शिकला असता, की या चेहऱ्यात काहीतरी वाईट आहे.

सल्ले देणारी माणसं त्याहून जड जातात. "दुधाबरोबर मासे खाल्लेस का?" हा प्रश्न ताईंनी कित्येकदा ऐकला आहे, आणि त्या जन्मापासून शाकाहारी आहेत. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड होत नाही. कोड संसर्गाने होत नाही आणि त्याचा कुष्ठरोगाशी संबंध नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर स्पर्शाची जाणीव कमी होते, कोडाच्या डागावर ती शाबूत असते. उपचारही ताईंनी घेतले. मलम आणि आठवड्यातून दोन-तीनदा ठरावीक अतिनील किरणांखाली उभं राहणं, असं महिनोन्‌महिने चाललं. डोळ्यांभोवती काही ठिकाणी केसांच्या मुळांपासून रंगाचे ठिपके उगवले. ओठांवर मात्र काही फरक पडला नाही. ओठांवर केस नसतात, त्यामुळे रंगाच्या पेशी परत यायला तिथे मुळांचा साठा नसतो, आणि ओठांचे डाग म्हणूनच चिवट असतात. "हे सगळं मी एसटीत कुणाला आणि का सांगू?" ताई विचारतात. सल्ला देणाऱ्याला त्या एवढंच म्हणतात, "डॉक्टर आहेत माझे. तुमची तब्येत कशी आहे?"

अनोळखी नजरेहून ओळखीच्यांची नजर जास्त लागते. सासरच्या एका हळदीकुंकवाला ताईंच्या जाऊबाईंनी सगळ्यांना कुंकू लावलं आणि ताईंपुढे करंडा नुसता धरला. स्वतःचं स्वतः लावून घ्यावं, असा त्याचा अर्थ. बोट लावायचं टाळलं होतं. ताईंनी त्या क्षणी काही केलं नाही. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाल्या, "ताई, काल तुम्ही मला कुंकू लावलं नाहीत. हे लागत नाही, तुम्हाला माहीत आहे. पुढच्या वेळी लावा." जाऊबाई ओशाळल्या आणि पुढच्या संक्रांतीला त्यांनी कुंकू लावलं. घरच्यांच्या बाबतीत ताईंचा नियम असा आहे: चारचौघांत नाही, नंतर एकटं गाठून, नेमकं काय खटकलं ते आणि पुढे काय हवं ते सांगायचं.

हिणवणाऱ्या नजरेशी मात्र त्या बोलत बसत नाहीत. कुणी फोटो काढताना दिसलं तर मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतात, "फोटो काढू नका," आणि कंडक्टरला बोलावतात. समजावण्याची रीत समजून घेणाऱ्यासाठी असते. इथे साक्षीदार हवे असतात.

बघणाऱ्याचं काम

आतापर्यंत सांगितलेलं सगळं ताईंनी केलं. हसणं, वाक्यं घडवणं, धीर देणं, बोलणं वळवणं, नंतर फोन करणं. ज्याच्या चेहऱ्यावर काही नाही त्याने मात्र काहीच केलं नाही. ही विभागणी मला अन्यायाची वाटते, म्हणून शेवटचा भाग बघणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांसाठी.

नजर गेली तर गेली. दचकून मान फिरवू नका. ताईंच्या मते फिरवलेली मान टक लावण्याइतकीच कळते. एकदा नजरानजर झाली की ओळखीचं हसा आणि ज्या कामासाठी आलात ते बोलायला सुरुवात करा. डोळ्यांत बघून बोला. डाग डोळ्यांजवळ असला तरी दोन-तीन वाक्यांत नजर सरावते आणि डाग मागे पडतो. आजाराबद्दल विचारायचं असेल तर आधी ओळख होऊ द्या. ओळख झाल्यावर विचारायची गरज बहुधा उरत नाही. ओळखीच्या वैद्याचा पत्ता, कुणीतरी बरं झाल्याची गोष्ट, देवाचा अंगारा यांतलं काहीही न मागता देऊ नका. मुलाने मोठ्याने विचारलं तर त्याला गप्प करू नका. "त्यांच्या त्वचेचा तिथला रंग गेलाय, दुखत नाही त्यांना," असं त्याच आवाजात सांगा आणि त्याला नमस्कार करायला लावा.

वर्गात कोड, भाजल्याचा व्रण किंवा शिवलेला दुभंगलेला ओठ असलेलं मूल येणार असेल, तर शिक्षकांनी आधी त्या मुलाला आणि पालकांना विचारावं: वर्गाला सांगायचं का, कुणी सांगायचं, कोणत्या शब्दांत? मग पहिल्याच दिवशी दोन वाक्यांत ते सांगून टाकावं आणि हजेरी घ्यायला सुरुवात करावी. ताईंचा ठिपका आला तेव्हा त्या कॉलेजात होत्या आणि कुणीच काही बोललं नाही. सगळे त्यांच्याशी सांभाळून वागत होते, आणि त्या वर्षभर तोंडावर ओढणी घेऊन बसल्या. त्या म्हणतात, तेव्हा एका प्राध्यापकांनी जरी साधेपणाने विचारलं असतं, "काय गं, हे कोड आहे का? बरं, पहिला प्रश्न सोडव," तरी ओढणी पुष्कळ आधी खाली आली असती.